पोत्यामागचा साप: मण्यार की कवड्या?

गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात रात्री दहानंतर मला फोन आला, तर तो बहुतेक सापाचाच असतो. ऑगस्टमधल्या त्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी फोन आला नाही, नुसता फोटो आला. खाली एक ओळ होती: "भाऊ, हा मण्यार होय का? आई घाबरली आहे." पाठवणारा ओळखीचा, माझ्यापासून २२ किलोमीटरवरच्या गावातला तरुण शेतकरी.

फोटो पिवळ्या बल्बच्या उजेडात, चार-पाच फुटांवरून उभ्याने काढलेला. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली धानाची पोती आणि त्यांच्या फटीत सापाचा वीतभर भाग. डोकं पोत्याआड, शेपटीही दिसत नाही. अंग गडद तपकिरी, त्यावर पांढरट आडवे पट्टे, जाडी पेन्सिलीएवढी. मी दुसरा फोटो मागितला. दोन मिनिटांत आला, तो फ्लॅश मारलेला. यात मान आणि डोक्याचा मागचा भाग होता. डोक्याच्या लगेच मागे पांढरं काहीतरी दिसत होतं आणि तिथून पट्टे सुरू झाले होते.

मी लिहिलं: "बहुतेक कवड्या. बिनविषारी. तरी हात लावू नका."

चूक इथेच झाली. तो कवड्या नव्हता. पुढची नऊ मिनिटं त्या घरातल्या लोकांनी माझ्या "बहुतेक"कडे लक्ष न देता "बिनविषारी" एवढंच वाचलं, आणि पोत्यांपासून दोन हातांवर गुंडाळून ठेवलेलं अंथरूण पुन्हा पसरायला घेतलं.

मी कवड्या का म्हणालो, ते आधी सांगतो. सर्पमित्रांच्या तोंडी जे ठोकताळे असतात त्यांतले तीन त्या दोन फोटोंना चपखल बसत होते. पहिला रंगाचा: मण्यार काळा, कवड्या तपकिरी. दुसरा पट्टे कुठून सुरू होतात याचा: मण्यारीचे पट्टे डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. तिसरा आकाराचा: घरात शिरलेला हातभर लांबीचा बारीक साप म्हणजे पालींच्या मागावर आलेला कवड्या. तिन्ही ठोकताळे पूर्ण वाढलेल्या सापाला, दिवसाच्या उजेडात, बऱ्यापैकी लागू पडतात. त्या रात्री समोर यांतलं काहीच नव्हतं.

रंगाचं आधी. पिवळ्या बल्बखाली मण्यारीचा निळसर काळा रंग फोनच्या कॅमेऱ्यात सहज तपकिरी होतो. फ्लॅश मारला की तिच्या गुळगुळीत, तेल चोपडल्यासारख्या अंगावर चमक येऊन तोच काळा रंग राखाडी दिसतो. अशा फोटोत सापाकडे बघण्याआधी, मुळात पांढरी असणार हे ठाऊक असलेली एखादी वस्तू शोधावी. इथे पोत्याच्या शिवणीचा पांढरा सुतळीदोरा फोटोत हळदीत बुडवल्यासारखा पिवळा दिसत होता. दोरा पिवळा दिसतो तिथे काळा साप तपकिरी दिसणारच. ही गोष्ट मी उत्तर देऊन झाल्यावर पाहिली. शिवाय उलट बाजूनेही फसगत होते. कवड्याचा भाऊबंद असलेला पट्टेरी कवड्या मुळातच काळपट असतो आणि त्यावरचे पट्टे पांढरे किंवा पिवळसर असतात. तो बिचारा दरवर्षी मण्यार म्हणून काठीखाली जातो.

आता पट्ट्यांची सुरुवात. पूर्ण वाढलेल्या मण्यारीच्या अंगाचा पुढचा भाग बहुधा कोरा असतो, किंवा पाठीच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यांची रांग असते, आणि मागे जाता जाता ठिपक्यांचे पट्टे होतात. पिल्लात मात्र पट्टे पुढेही चांगले ठळक असतात, पार मानेजवळपर्यंत. वय वाढेल तसे पुढचे पुसट होत जातात. म्हणजे "मानेपासून पट्टे म्हणजे कवड्या" हा नियम नेमका पिल्लाच्या बाबतीत दगा देतो. मण्यारीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचं असतं, म्हणजे कवड्याच्याच मापाचं, आणि पावसाळा हाच अशी पिल्लं दिसण्याचा काळ. तिन्ही ठोकताळे एकाच वेळी आणि एकाच दिशेने चुकले, कारण तिन्हींचं मूळ एकच होतं. मी मनात मोठी मण्यार धरून बसलो होतो.

शंका आली ती पट्ट्यांच्या जोड्यांमुळे. उत्तर पाठवून झालं होतं, फोन बाजूला ठेवायचा होता, पण पहिला फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. पट्टे सारख्या अंतरावर नव्हते. एक पट्टा, थोडी जागा, दुसरा पट्टा, मग जास्त जागा, आणि पुन्हा तसंच. बारीक पांढऱ्या रेघा दोन-दोन करून बसलेल्या. प्रत्येक रेघ एखाद-दुसऱ्या खवल्याएवढीच रुंद, आणि पाठीवरून कुशीत उतरताना फारशी फुगत नव्हती. कवड्याचा पट्टा असा नसतो. तो पाठीवर अरुंद आणि कुशीत रुंद होत जातो, बऱ्याचदा तिथे त्याला दोन फाटे फुटतात, आणि फाट्यांच्या मध्ये गडद रंगाचा त्रिकोण राहतो. पट्ट्याच्या कडाही सरळ नसतात, ठिपक्याठिपक्यांच्या, कुरतडल्यासारख्या असतात. मानेवरचा पहिला पट्टा तर सगळ्यांत रुंद, गळपट्टा घातल्यासारखा.

दुसऱ्या फोटोत डोक्यामागे पांढरं दिसत होतं ते मी गळपट्टा समजलो होतो. मोठं करून पाहिलं तर ते वरच्या ओठाचे पांढरे खवले होते. डोकं तिरकं असल्याने ते मानेशी जोडल्यासारखे दिसत होते. पांढरा ओठ मण्यारीला असतो तसा कवड्यालाही असतो, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. डोळ्याचंही तेच. दोघांचेही डोळे फोटोत काळ्या मण्यासारखे दिसतात, बाहुली ओळखू येत नाही.

मी फोन लावला. "अंथरूण उचला, सगळे बाहेरच्या खोलीत जा. मी चुकलो असू शकतो. अजून एक फोटो लागेल, पण सापाला हलवायचं नाही, पोतं सरकवायचं नाही."

तिसरा फोटो कसा काढायचा हे फोनवर समजावून सांगायला तीन मिनिटं लागली, पण निकाल त्यावरच लागला. फ्लॅश बंद. एकाने सहा-सात फुटांवर उभं राहून फोन धरायचा आणि दुप्पट झूम करायचं. दुसऱ्याने टॉर्च फोनच्या शेजारी न धरता बाजूला, जमिनीलगत धरायचा, म्हणजे उजेड सापाच्या अंगावर आडवा पडेल. समोरून मारलेला उजेड गुळगुळीत खवल्यांवरून थेट कॅमेऱ्यात परततो आणि मधला सगळा तपशील पांढरा करून टाकतो. आडव्या उजेडात प्रत्येक खवल्याच्या कडेला बारीक सावली पडते. आणि फोटो नेहमीसारखा न पाठवता व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. नाहीतर पाठवताना तो दाबला जातो आणि पहिला बळी खवल्यांच्या कडांचा जातो.

तो फोटो आला तेव्हा सापाने अंगाचा एक वळसा पोत्याबाहेर काढला होता. मधल्या अंगाचा चार बोटं भाग वरून स्वच्छ दिसत होता. मी सरळ पाठीच्या मधोमध गेलो. तिथे पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची एक ओळ शेजारच्या ओळींहून उघड मोठी होती. बाजूचे खवले लहान, तिरपे, शंकरपाळ्यासारखे; मधले रुंद, षटकोनी. काळ्या भागावर हे ओळखायला कष्ट पडतात, कारण काळ्यावर काळी कड. पण जिथे पांढरा पट्टा पाठ ओलांडतो तिथे खवल्याची कड काळ्या रेघेसारखी उठून दिसते. अशा तीन पट्ट्यांवर मी पाहिलं आणि तिन्ही ठिकाणी मधला खवला षटकोनी होता. कवड्याच्या पाठीवरची मधली ओळ बाकीच्या ओळींसारखीच असते, बोट ठेवून "ही मधली" असं सांगता येत नाही.

इथे एक अट आहे. मधली ओळ मोठी असणं ही फक्त मण्यारीची मिरासदारी नाही. मांजऱ्या आणि रुका या सापांतही ती मोठी असते. त्यांचा बांधा, डोकं, डोळे इतके वेगळे असतात की काळ्या अंगावर पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या सापाशी त्यांची गल्लत होऊ नये, पण नुसता षटकोन पाहून "मण्यार" म्हणणं हाही ठोकताळाच ठरेल. षटकोन आणि जोडीने बसलेले अरुंद पट्टे एकत्र दिसले तेव्हा माझं मत फिरलं.

खवल्यांच्या ओळी मोजूनही पाहिल्या. मण्यारीच्या मधल्या अंगावर खवल्यांच्या १५ ओळी असतात, कवड्याच्या १७. फोटोत सापाची एकच बाजू दिसते, त्यामुळे पूर्ण मोजणी होत नाही. पण मधली ओळ सोडून एका बाजूला पोटाच्या पट्ट्यांपर्यंत मोजलं तर मण्यारीत ७ आणि कवड्यात ८ यायला हव्यात. मला एकदा ७ आल्या, एकदा ८. शेवटची ओळ पोटाकडे वळताना सावलीत जाते आणि एका ओळीचा फरक तिथेच हरवतो. म्हणून ही मोजणी मी हिशेबात धरली नाही. त्यात आणखी एक अडचण आहे: राजस्थान-गुजरातकडच्या सिंध मण्यारीच्या ओळीच १७ असतात. तिकडच्या फोटोत "१७ ओळी, म्हणून कवड्या" म्हणणं महागात पडेल.

सर्पमित्रांत आणखी एका खुणेचं फार कौतुक असतं, लोरिअल खवल्याचं. नाकपुडीचा खवला आणि डोळ्याच्या लगेच पुढचा खवला, या दोघांच्या मध्ये कवड्याला एक आडवा खवला असतो. मण्यारीला तो नसतो, तिथे ते दोन खवले थेट भिडतात. खूण पक्की आहे, पण त्यासाठी डोक्याचा अगदी बाजूने, जवळून काढलेला फोटो हवा. मण्यारीच्या डोक्याचा असा फोटो काढायला मी कुणालाही सांगत नाही. त्या रात्री डोकं पोत्याआडच होतं, त्यामुळे ही खूण तपासलीच गेली नाही.

१२ वाजून ४ मिनिटांनी मी निघालो. वाटेत गाडी थांबवून पुन्हा फोन केला, कारण एक गोष्ट विचारायची राहिली होती: संध्याकाळपासून त्या खोलीत खाली कोण झोपलं होतं? उत्तर आलं, "नऊ वर्षांचा पुतण्या. साडेनऊपासून झोपला होता, साप दिसल्यावर उठवला."

मण्यारीचा दंश बऱ्याचदा झोपेत होतो, दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास ही लक्षणं काही तासांनीही येऊ शकतात. मुलगा ठीक होता, अंगावर काही दिसत नव्हतं. तरी त्याला रात्रीच दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथे त्याला २४ तास देखरेखीखाली ठेवलं, काही लक्षण आलं नाही, औषध लागलं नाही, घरी सोडलं. माझं पहिलं उत्तर तसंच राहिलं असतं तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. आणि जिथे दंशाची शंका असते तिथे मी फोटो मागत बसत नाही. सापाचं नाव कळण्याची वाट दवाखान्याला बघावी लागत नाही, डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात.

साप पकडायला फार वेळ लागला नाही. हुकने पोतं बाजूला केलं, पाइपच्या तोंडाला लावलेल्या पिशवीत तो स्वतःच शिरला, आणि तिथून पारदर्शक बरणीत. बरणीच्या तळातून पाहिलं की हाताळल्याशिवाय शेपटीची खालची बाजू दिसते. मला खात्री करायची होती ती तिथे. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अख्खे असतात, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. कवड्याचे मधोमध दुभंगलेले असतात, दोन रांगा एकमेकींत नागमोडी गुंतलेल्या. इथे टोकापर्यंत पायऱ्याच होत्या. बरणीवर लावलेल्या पट्टीवर लांबी ३४ सेंटिमीटरच्या आसपास आली. मण्यारीचं पिल्लू. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात ते चांगलं काळंभोर दिसत होतं, तपकिरी रंगाचा मागमूस नव्हता. मेलेल्या सापाचा फोटो येतो तेव्हाही मी आधी शेपटीखालचा भाग मागतो. काठीनेच उलटा करायचा, हाताने नाही. तुटलेलं डोकंही काही काळ चावू शकतं.

बरणीभोवती जमलेल्यांतले एक काका ठामपणे म्हणाले, "पट्टेरी मण्यार आहे हा. मागच्या वर्षी बांधावर मारला होता तसाच." हा घोळ नावाचा आहे. पट्टे असलेली मण्यार म्हणून लोक कुठल्याही मण्यारीला पट्टेरी म्हणतात, पण पट्टेरी मण्यार हा वेगळा साप, आणि आपल्याकडे तो विदर्भाच्या पूर्वेकडच्या भागातच दिसतो. त्याला ओळखायला खवले मोजावे लागत नाहीत. काळे आणि पिवळे पट्टे जवळजवळ सारख्याच रुंदीचे, आणि ते पाठीवर न थांबता पोटाभोवती पूर्ण वळसा घालतात. पाठीच्या मधोमध कणा असा उठलेला की कापून पाहिलं तर अंग गोल न दिसता त्रिकोणी दिसेल. शेपटीचं टोक बोटाच्या टोकासारखं बोथट. बोथट शेपटी पाहून "याची शेपटी तोडली आहे का?" असं विचारणारे फोटो मला दरवर्षी येतात. वाढ झाली की तो सहज दीड मीटर भरतो. काकांना एवढंच विचारलं, "बांधावरचा पिवळा होता का?" ते थोडे थांबून म्हणाले, "नाही, पांढरेच पट्टे होते." मग तोही साधा मण्यारच असावा, किंवा बिचारा कवड्या. फोटो नव्हता, त्यामुळे ते तिथेच राहिलं. उन्हात वाळलेल्या, रस्त्यावर चिरडलेल्या पट्टेरी मण्यारीचा पिवळा रंग मात्र उडून पांढुरका होतो. तेव्हा रंग सोडून पट्टे पोटाखालून गेलेत का ते बघावं.

त्याच आठवड्यात त्याच गावातून आणखी एक "मण्यार" आली होती, विहिरीच्या काठावरची. ती कुकरी निघाली. तिथे एका प्रश्नात काम झालं: रंग कुठला आणि पट्टा कुठला? कुकरीचं अंग फिकट तपकिरी आणि पट्टे काळे, म्हणजे मण्यारीच्या बरोबर उलट. शिवाय डोक्यावर बाणाच्या टोकासारख्या काळ्या खुणा, एकामागे एक. फोटो अंधुक असेल तर डोळा आधी पट्टे मोजायला लागतो आणि मूळ रंग कुठला हे बघायचंच विसरतो, त्यामुळे ही सोपी गोष्ट चुकते.

पिल्लू दुसऱ्या दिवशी वनविभागाला कळवून सोडलं. नंतर त्या रात्रीचे तिन्ही फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या फोटोतही पट्ट्यांच्या जोड्या होत्या, मी उत्तर देण्याआधीपासून. फक्त मी डोकं आणि मान दिसण्याची वाट बघत होतो, कारण माझा ठोकताळा मानेपाशी होता. आता मी फोटो आला की आधी अंगाचा मधला भाग बघतो, मान शेवटी. आणि 'बहुतेक' हा शब्द सापाच्या नावाशेजारी लिहीत नाही. नक्की असेल तर नाव लिहितो, नसेल तर "मण्यार समजून लांब राहा" एवढंच.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच तरुणाचा फोटो पुन्हा आला. दाराच्या चौकटीवर चढलेला साप, टॉर्च बाजूने, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेला. चपटं, पुढे रुंद झालेलं डोकं मानेपेक्षा थोडं वेगळं उठून दिसत होतं, त्यामागे रुंद पांढरा गळपट्टा, ओठांवर तपकिरी ठिपके. कुशीत पट्टे फाटे फुटून पसरलेले, शेपटीकडे तर पार नाहीसे. पाठीवरची मधली ओळ शोधून सापडत नव्हती. मी लिहायच्या आधीच त्याचा दुसरा मेसेज आला: "भाऊ, हा कवड्याच होय ना? तोंडात पाल आहे."